बर्फ आपला की विकतचा? आईस प्लांटचा हिशोब करताना कुठले खर्च धरायचे आणि कुठले सोडायचे



जेटीवर सध्या एक प्रश्न सारखा कानावर येतो. संस्थेचा आईस प्लांट चालवून बर्फ टनामागे सोळाशे रुपयांना पडतो, आणि बाहेरचा कारखानदार पंधराशेने जेटीवर आणून द्यायला तयार आहे, मग प्लांट कशाला चालवायचा? प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, त्यामुळे तो विचारलाच पाहिजे. पण टनामागे शंभर रुपये वाचतात असं दिसतं म्हणून लगेच हात वर करण्याआधी त्या सोळाशेच्या पोटात काय काय आहे ते उघडून बघायला हवं. या पोस्टमध्ये आम्ही तेवढंच करणार आहोत.

आधीच सांगतो, खालचे आकडे नमुन्याचे आहेत. समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत, ते आपल्या ताळेबंदातून उचललेले नाहीत. पद्धत मात्र तीच राहते. आपल्या संस्थेचे खरे आकडे याच चौकटीत बसवता येतात.

समजा एका संस्थेकडे लादी बर्फाचा प्लांट आहे. नेहमीचाच प्रकार: अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात बुडवलेले डबे, डब्यांत गोडं पाणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून हंगाम दहा महिन्यांचा. हंगामात ४० होड्या मिळून ४,००० टन बर्फ उचलतात, म्हणजे होडीमागे सरासरी १०० टन.

या प्लांटचा पहिला खर्च बर्फाबरोबर वाढतो आणि बर्फाबरोबरच कमी होतो. एक टन बर्फाला समजा ७५ युनिट वीज लागते, युनिट ८ रुपयांनी, म्हणजे ६०० रुपये. पाणी, मीठ, तेल, अमोनियाची भर मिळून १०० रुपये. टाकीतून लाद्या काढून होडीपर्यंत पोचवायची मजुरी टनामागे २०० रुपये. एकूण टनाला ९०० रुपये, ४,००० टनांना ३६ लाख. हा बदलता खर्च. प्लांट थांबला की हा पूर्ण थांबतो, त्यावर कुणाचा वाद नसतो.

क्रशरचा खर्च आम्ही यात मुद्दाम धरला नाही. लादी आपली असो वा बाहेरची, फोडावी लागणारच, आणि बाहेरचा माणूस लादीच देणार आहे. जो खर्च दोन्ही वाटांवर सारखाच येतो तो तुलनेतून काढून टाकला तरी उत्तर बदलत नाही. उगाच दोन्ही बाजूंना लिहून कागद भरायचा नाही.

दुसरा खर्च वर्षाचा ठरलेला. बर्फ ४,००० टन निघो की २,०००, तो येतोच. आपल्या नमुन्यात तो २८ लाख आहे. प्लांटच्या माणसांचा पगार १० लाख, विजेच्या मंजूर भाराचा स्थिर आकार साडेतीन लाख, दुरुस्ती आणि यंत्रांचा विमा साडेतीन लाख, यंत्रांचा घसारा ६ लाख, जागेचं भाडं दीड लाख, आणि संस्थेच्या ऑफिसखर्चाचा म्हणजे सेक्रेटरी, क्लार्क, ऑडिट, स्टेशनरी यांचा प्लांटच्या खात्यावर टाकलेला वाटा साडेतीन लाख.

३६ आणि २८ मिळून ६४ लाख. भागिले ४,००० टन, म्हणजे टनाला १,६०० रुपये. सोळाशे आले ते इथून. बाहेरचा पंधराशे, टनाला शंभर वाचले, हंगामाला ४ लाख वाचले. सभेत हेच गणित मांडलं जातं आणि ऐकायला ते अगदी सरळ वाटतं.

आता एक एक बिल हातात घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: प्लांट बंद करून बर्फ बाहेरून घेतला, तर पुढच्या वर्षी हे बिल आपल्याकडे येईल की नाही? “हे बर्फाचं बिल आहे का” असं विचारू नका, कारण त्या प्रश्नाने गोंधळच होतो. घसारा बर्फाच्याच खात्यात लिहिलेला असतो, तरी प्लांट बंद केल्याने तो थांबत नाही. बिल येणार की नाही, एवढंच बघायचं.

पगारापासून सुरुवात करू. समजा दोन ऑपरेटर आणि एक मदतनीस ठेकेदारामार्फत आहेत, त्यांचे साडेसहा लाख. ठेका संपवला की हा खर्च संपतो. उरलेले साडेतीन लाख फोरमनचे. तो संस्थेचा कायम नोकर आहे, प्लांट बंद झाला तर त्याला डिझेल पंपावर बसवू असं संचालक मंडळ म्हणतं. माणूस प्लांटवरून हलला, पण पगार संस्थेतून जातोच आहे. म्हणून पगारातले साडेसहा लाख टळतात, साडेतीन टळत नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट आहे. डिझेल पंपावर जागा खरंच रिकामी असेल आणि तिथे आपण नाहीतरी वर्षाला दोन लाखांवर नवा माणूस घेणार असू, तर फोरमन तिकडे गेल्यामुळे ते दोन लाख वाचतात. तेवढे दोन लाख प्लांट बंद करण्याच्या बाजूला धरावेत. त्याचे साडेतीन लाख मात्र धरायचे नाहीत, कारण ते वाचत नाहीत. आणि पंपावर माणूस नकोच असेल, फोरमनला कुठेतरी बसवायचं म्हणून बसवलं असेल, तर काहीच वाचत नाही. आम्ही खालच्या हिशोबात काहीच वाचत नाही असं धरलं आहे.

वीज. युनिटचे पैसे आपण बदलत्या खर्चात धरलेच आहेत. उरतो मंजूर भारावरचा स्थिर आकार, जो बंदीच्या दोन महिन्यांत मीटर फिरला नाही तरी बिलात दिसतो. लिलाव शेड, ऑफिस, जेटीवरचे दिवे आणि पाण्याचा पंप त्याच जोडणीवर असतील, तर प्लांट बंद झाला म्हणून जोडणी परत करता येत नाही. वीज खात्याकडे अर्ज करून भार कमी करून घेता येतो. समजा त्यामुळे साडेतीनपैकी दोन लाख वाचतात, दीड लाख राहतात. अर्ज करायचा राहून गेला तर एक पैसाही वाचत नाही. म्हणजे ‘टळणारा’ खर्च आपोआप टळत नाही, कुणीतरी कागद हलवावा लागतो.

दुरुस्ती आणि यंत्रांचा विमा, साडेतीन लाख. यंत्रच चालवायचं नसेल तर हे पूर्ण टळतात.

घसारा, सहा लाख. यावर सभेत हमखास वाद होतो म्हणून जरा थांबतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, डबे ज्या वर्षी घेतले त्या वर्षी पैसे गेले. दरवर्षी सहा लाख लिहितो तो त्या जुन्या खर्चाचा तुकडा, आज कुणाला चेक जात नाही. प्लांट उद्या बंद केला तरी ते पैसे परत येणार नाहीत. म्हणून निर्णय घेताना घसारा शून्य धरायचा. नफा-तोट्याच्या पत्रकात तो लिहायचाच, ऑडिटर लिहायला लावणारच. पण ते पत्रक झालेल्या वर्षाचं असतं आणि आपण पुढच्या वर्षाचा निर्णय घेतोय. यंत्रांसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज शिल्लक असेल तर त्यालाही हाच नियम: प्लांट बंद केल्याने बँक व्याज थांबवत नाही.

जुनी यंत्रं आज विकली तर काय येईल, हा मात्र खरा पैसा आहे. समजा दहा लाख येतील. ते एकदाच येतात. ते बाजूला लिहून ठेवा, आपण परत त्याच्याकडे येऊ.

जागेचं भाडं दीड लाख. जेटीवरची जागा संस्थेने एकत्र घेतलेली आहे, शेड, ऑफिस, प्लांट सगळं त्यात. प्लांटचा कोपरा रिकामा झाला म्हणून भाडं कमी होत नाही. टळत नाही.

ऑफिसखर्चाचा वाटा साडेतीन लाख. हा सगळ्यात फसवा. सेक्रेटरीचा पगार आणि ऑडिट फी डिझेल, बर्फ, जाळी-दोर यांच्या खात्यांत वाटून टाकलेली असते. बर्फाचं खातं बंद झालं की हा वाटा डिझेलच्या आणि जाळ्यांच्या खात्यावर जाऊन बसतो. बर्फाचं खातं हलकं दिसतं, डिझेलचं जड दिसतं, संस्थेचा खिसा तेवढाच रिकामा. पुढच्या वर्षी मग कुणीतरी उठून म्हणतो, डिझेल पंपही तोट्यात आहे, तोही बंद करू!

आता बेरीज. ठरलेल्या २८ लाखांपैकी टळणारे: पगार साडेसहा, वीज दोन, दुरुस्ती-विमा साडेतीन. एकूण १२ लाख. न टळणारे: फोरमन साडेतीन, विजेचा उरलेला दीड, घसारा सहा, भाडं दीड, ऑफिस साडेतीन. एकूण १६ लाख.

म्हणजे प्लांट बंद केला तर खरोखर काय वाचतं? बदलते ३६ लाख आणि टळणारे १२ लाख, मिळून ४८ लाख. टनाला १,२०० रुपये. आणि बाहेरून ४,००० टन घ्यायला लागतात ६० लाख. सोळाशेची पंधराशेशी तुलना करायची नव्हती, बाराशेची पंधराशेशी करायची होती. प्लांट बंद करून संस्थेचे ४ लाख वाचत नाहीत, उलट १२ लाख जास्त जातात.

विश्वास बसत नसेल तर सगळा खर्च धरून ताळा करा. आज संस्था एकूण ६४ लाख खर्च करते. प्लांट बंद झाल्यावर बाहेरच्याला ६० लाख, आणि न टळणारे १६ लाख आहेतच, मिळून ७६ लाख. फरक १२ लाख. ४० होड्यांवर वाटला तर होडीमागे हंगामाला ३० हजार. बर्फाच्या दरातून असो की वर्षअखेरच्या लाभांशातून, हे पैसे सभासदाच्याच घरातून जाणार.

याच्या उलट बाजूने बोलणारेही आहेत. ते म्हणतात, आपला बर्फ नऊशेलाच पडतो, स्थिर खर्च काय, तो तर असाच असतो, म्हणून प्लांट चालवण्यात हंगामाला २४ लाखांचा फायदा. हेही चूक. ऑपरेटरचे, भाराचे, दुरुस्तीचे मिळून १२ लाख प्लांट आहे म्हणूनच जातात. ते विसरले तर फायदा दुप्पट दिसतो. आज उत्तर दोघांपैकी दुसऱ्याच्या बाजूने लागतं, पण बर्फाचा खप पडला की त्याचाही हिशोब तोंडघशी पडतो.

तो खपाचा मुद्दा आता बघू, कारण आपल्या धंद्यात दोन हंगाम सारखे जात नाहीत. बांगडा-तारली भरून आली तर प्लांट दिवसरात्र चालतो, नाहीतर होड्या किनाऱ्याला उभ्या. आपला प्लांट चालवला तर बाहेरच्या पंधराशेऐवजी टनाला नऊशे लागतात, म्हणजे प्रत्येक टनाला ६०० रुपये वाचतात. त्या सहाशे-सहाशेमधून आधी टळणारे १२ लाख भरून निघाले पाहिजेत. १२ लाख भागिले ६००, म्हणजे २,००० टन. हंगामात २,००० टनांपेक्षा जास्त बर्फ लागणार असेल तर आपला प्लांट परवडतो. कमी लागणार असेल तर बाहेरचा घ्यावा.

२,५०० टनांच्या पडेल हंगामात टनाला सहाशेने १५ लाख वाचतात, १२ लाख जातात, तरी ३ लाख हातात राहतात. १,८०० टनांवर १० लाख ८० हजार वाचतात आणि १२ लाख जातात, तिथे प्लांट १ लाख २० हजारांनी महाग पडतो. पूर्ण २८ लाख धरून हेच गणित केलं असतं तर हद्द साधारण ४,६७० टनांवर आली असती, आणि ४,००० टनांचा चांगला चालणारा प्लांट आपण ‘तोट्यात’ म्हणून बंद केला असता. स्थिर खर्च अजिबात धरला नसता तर हद्दच राहिली नसती, पाचशे टनांसाठीही प्लांट चालवत बसलो असतो. टळणारा भाग नेमका किती, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून तो आकडा तोंडी ऐकून घेऊ नका. ठेक्याचा कागद, वीजबिल, विम्याची पॉलिसी, जागेचा करार समोर ठेवून काढा.

आता सभेत निघणारे काही फाटे.

“बंद करू, पण तयार ठेवू. बाहेरच्याने दगा दिला तर लगेच चालू करता येईल.” ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण याचा खर्च बघा. सिस्टिममध्ये अमोनिया भरलेला असेल तर त्यावर लक्ष ठेवायला जाणता माणूस लागतोच, गळती कधी होईल सांगता येत नाही. भार कमी करून घेतला तर चालू करायच्या वेळी पुन्हा अर्ज, म्हणून भार तसाच ठेवावा लागतो. टाकी आणि पाइप गंजू नयेत म्हणून थोडी दुरुस्ती चालूच राहते. समजा असं केल्यावर १२ पैकी फक्त ५ लाख टळतात. मग तुलना ४१ लाखांची ६० लाखांशी होते आणि बाहेरून घेणं १९ लाखांनी महाग पडतं. पूर्ण बंद आणि अर्धवट बंद हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाच्या बचतीचा आकडा दुसऱ्याला लावू नये. ठरावात कुठला बंद ते स्पष्ट लिहिलेलं असावं.

“जागा भाड्याने देता येईल.” हा मुद्दा खरा आहे. मासे खरेदी करणारा कुणी व्यापारी शीतगृहासाठी प्लांटची इमारत मागत असेल आणि वर्षाला ५ लाख द्यायला तयार असेल, तर प्लांट चालवून आपण ते ५ लाख सोडतो. ते प्लांटच्या खर्चात धरलेच पाहिजेत, कुठल्याही बिलात ते दिसत नसले तरी. मग प्लांट चालवण्याचा फायदा १२ लाखांवरून ७ लाखांवर येतो आणि हद्द २,००० टनांवरून साधारण २,८३० टनांवर जाते. पण जागा भाड्याने द्यायला मूळ करारात मुभा आहे का, आणि भाडेकरू खरंच उभा आहे का, हे दोन्ही असेल तरच. “कुणीतरी घेईल” हा आकडा नाही.

“यंत्रं विकून दहा लाख येतील.” येतील, एकदा. आणि ४,००० टनांच्या हंगामात जादाचे १२ लाख दरवर्षी जातील. पहिल्याच हंगामात ते दहा लाख संपून वर दोन लाख खिशातून गेले. शिवाय यंत्रं गेली की परत फिरायची वाट नव्या प्लांटच्या किमतीतून जाते.

“कॉम्प्रेसरला पुढच्या वर्षी मोठं काम निघणार आहे.” हे नीट धरायला हवं, कारण हा खर्च अजून झालेला नाही, म्हणजे टळणारा आहे. समजा ८ लाखांचं काम आहे आणि ते केल्यावर कॉम्प्रेसर चार हंगाम निवांत चालेल. मग वर्षाला २ लाख त्यापोटी धरा. टळणारे १४ लाख झाले, हद्द साधारण २,३३० टनांवर गेली. काम झाल्यावर मात्र तेच ८ लाख जुन्या घसाऱ्यासारखे होतात, गेलेले. म्हणून मोठ्या दुरुस्तीच्या आधीचा हिशोब आणि नंतरचा हिशोब वेगळा येतो आणि दोन्ही बरोबर असतात.

बाहेरचा दरही तपासून घ्यायला हवा. पंधराशे हा कुठल्या वजनाचा दर? कारखान्यात मोजलेल्या लादीचा, की जेटीवर उतरलेल्या? भर उन्हातून टेम्पो येताना समजा टनामागे पाच टक्के बर्फ वितळला, तर हातात येणारा टन साधारण १,५८० रुपयांना पडतो. ४,००० टनांवर फरक ३ लाखांच्या वर जातो. मिळालेल्या पाच-सहा लाद्या काट्यावर टाकून बघितल्या तरी अंदाज येतो. आणि दर किती दिवसांसाठी बांधून देतो ते लेखी घ्या. आपला प्लांट चालू असताना मिळणारा दर हा स्पर्धेतला दर असतो. आपला बंद झाल्यावर त्याने टनाला दोनशे वाढवले तर हंगामाला ८ लाख.

जे आकड्यांत बसत नाही त्याबद्दल थोडंच सांगतो. एकाच पहाटे पंधरा होड्या बर्फ भरायला लागल्या तर बाहेरचा टेम्पो वेळेवर येईल का? तांडेल बर्फासाठी दोन तास थांबला तर ते कुठल्याच बिलात दिसत नाही, पण सगळ्यांना कळतं. बर्फाचं पाणी कुठलं हेही विचारा. घाण पाण्याचा बर्फ माशावर पडला तर मासाच नासतो, मग बर्फ स्वस्त मिळून काय उपयोग. आपल्या प्लांटमध्ये निदान पाणी कुठून येतं ते आपल्याला माहीत असतं.

हाच हिशोब घरच्या टेम्पोलाही लागतो. बाजारात मासे न्यायला स्वतःचा टेम्पो ठेवावा की भाड्याचा करावा, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. डिझेल बदलता खर्च. ड्रायव्हरचा पगार आणि विम्याचा पुढचा हप्ता टेम्पो काढून टाकल्यावर टळतो. गाडी विकून कर्ज फिटत नसेल तर बँकेचा हप्ता टळत नाही. आणि घरचाच मुलगा गाडी चालवत असेल, तर तो गाडी सोडून काय कमावेल, ते धरायचं. दुसऱ्या होडीवर त्याला खरंच काम मिळणार असेल तर ती कमाई गाडीच्या खर्चात येते. घरीच बसणार असेल तर शून्य.

शेवटची गोष्ट वेळेची, कारण तिच्यामुळे उत्तर बदलू शकतं. प्लांटची मोठी साफसफाई आणि दुरुस्ती आपण बंदीच्या काळात, जून-जुलैत काढतो. समजा साडेतीन लाखांपैकी अडीच लाख त्यात जातात आणि विम्याचा लाखभराचा हप्ताही त्याच सुमारास भरतो. मे महिन्यात विचारलं तर टळणारे १२ लाख आहेत आणि हद्द २,००० टन. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत विचारलं तर हे साडेतीन लाख आधीच गेलेले असतात, चालू हंगामापुरते टळणारे उरतात साडेआठ लाख, आणि हद्द खाली येते साधारण १,४२० टनांवर. म्हणजे दुरुस्ती करून झालेला प्लांट सप्टेंबरमध्ये बंद करणं, मेमध्ये बंद करण्यापेक्षा नेहमीच महाग. ज्यांना प्लांट बंद करावा असं मनापासून वाटतं त्यांनी तो विषय बंदीच्या आधी, मे महिन्याच्या सभेत आणावा, आणि बरोबर ठेक्याच्या नोटिशीची मुदत, वीजभार कमी करण्याचा अर्ज आणि बाहेरच्या कारखानदाराचं लेखी दरपत्रक घेऊन यावं. सप्टेंबरच्या सभेत विषय निघालाच, तर चालू हंगाम आणि पुढचा हंगाम असे दोन वेगळे रकाने मागून घ्या.